‘आयडी वर, लॉट होल्ड’

चाकण-भोसरी पट्ट्यातल्या कुठल्याही मध्यम कारखान्याचा इनवर्ड विभाग डोळ्यांपुढे आणा. दुपारचे अडीच वाजलेत. एक टेम्पो उतरून झालाय, दुसरा गेटवर हॉर्न देतोय. इन्स्पेक्टरच्या एका हातात गेज आहे, दुसऱ्या हातात मोबाइल. ग्रुपवर त्याचा संदेश पडतो:

‘बुश लॉट होल्ड. आयडी वर. नोगो जातोय 6 ला. बर पण आहे. 80 बघितले. टूल झिजलंय त्यांचं. नेहमीचंच आहे, सांगा त्यांना.’

असले अनेक संदेश पाहून बेतलेला हा नमुना आहे. बरोबर काम करणाऱ्याला तो लख्ख कळतो. बुशच्या आतल्या भोकाचा व्यास, म्हणजे आयडी, हवा त्यापेक्षा मोठा आहे. जे गेज आत जायलाच नको ते जातंय. कडांना धातूचे बारीक काटे, म्हणजे बर, राहिलेत. माल बाजूला ठेवलाय. संध्याकाळपर्यंत मात्र यातूनच सप्लायरला पाठवायचा एनसीआर, म्हणजे माल ठरल्याप्रमाणे नसल्याचा औपचारिक अहवाल, तयार व्हायला हवा. तो लिहिणाऱ्या सप्लायर क्वालिटीच्या मॅडमनी बुश पाहिलेला नाही. सप्लायरकडे तो वाचणाऱ्याने ग्रुप पाहिलेला नाही.

संदेशात सात वाक्यं आहेत. त्यातली किती अहवालात जातील?

शेवटची दोन सर्वात सोपी, कारण ती जाणारच नाहीत. ‘टूल झिजलंय’ हा इन्स्पेक्टरचा अंदाज आहे. कदाचित पक्का असेल, पण त्याने मशीन पाहिलेलं नाही. अहवालात कारण लिहून दिलं की सप्लायर टूल बदलतो, ‘टूल बदलले’ असं उत्तर पाठवतो आणि खरं कारण तसंच राहतं. कारण शोधणं त्याचं काम आहे, ते त्यालाच करू द्यावं. ‘नेहमीचंच आहे’ या वाक्याला मागच्या अहवालांचे क्रमांक आणि तारखा जोडता आल्या तर तो भक्कम पुरावा होतो. तसं नसेल तर तो नुसता त्रागा, आणि सप्लायर उत्तर देताना बरोबर त्याच शब्दाला धरून भांडतो.

मग उरतं ‘नोगो जातोय 6 ला’. खरं काम इथेच आहे.

ड्रॉइंगवर या बोअरला 25 एच 7 असं माप आहे. म्हणजे व्यास 25.000 ते 25.021 मिलिमीटरच्या आत हवा. सगळी सूट 21 मायक्रॉनची. हे तपासायला दोन टोकांचं प्लग गेज असतं. ‘गो’ टोक भोकात गेलं पाहिजे, ‘नो-गो’ टोक जाता कामा नये. नो-गो गेलं तर भोक मोठं. इतकं साधं. पण संदेशातला 6 म्हणजे सहा नग की सहावा नग? आणि ‘जातोय’ म्हणजे आरपार जातोय की तोंडाशी अडकतोय?

मॅडमनी फोन लावला. उत्तर आलं, ‘‘मॅडम, सहा नग. चार आरपार, दोन नुसते तोंडाशी. तीनेक मिलिमीटर जातं आणि थांबतं.’’

त्या एका उत्तराने एकाच्या दोन गोष्टी झाल्या. चार नगांत भोक पूर्ण लांबीत मोठं आहे. दोन नगांत ते फक्त एका तोंडाशी फाकलेलं आहे, कर्ण्यासारखं. दोन्हींची कारणं मशीनवर वेगवेगळी असू शकतात, म्हणून अहवालातही दोन वेगळ्या नोंदी हव्यात. एका ओळीत कोंबल्या तर सप्लायर सोप्या नोंदीचं उत्तर देतो आणि दुसरी विसरली जाते.

बरचं काय? बरमुळे गो गेज अडकू शकतं आणि चांगलं भोक लहान वाटू शकतं. पण बरमुळे नो-गो आत जाणं शक्य नाही, तेव्हा इथे बरवर खापर फोडता येणार नाही. त्याची नोंद तिसरी, आणि तीही ड्रॉइंगवर काही लिहिलेलं असेल तरच. ‘बर नसावी’ किंवा कडा किती मोडायच्या हे तिथे दिलं असेल तर त्या ओळीचा हवाला द्यायचा. ड्रॉइंग गप्प असेल तर आपली नापसंती म्हणजे सप्लायरची चूक होत नाही. आधी ड्रॉइंग दुरुस्त करावं लागतं. या नमुन्यात ड्रॉइंगवर तशी टीप आहे असं धरू.

एनसीआरचा कणा असा तीन हाडांचा असतो. काय हवं होतं, काय मिळालं, आणि ते कशावरून. गुणवत्तेच्या शब्दावलीचं मानक आयएसओ 9000 ‘नॉन-कन्फॉर्मिटी’ची व्याख्याच ‘अपेक्षा पूर्ण न होणे’ अशी करतं. ‘डिफेक्ट’ हा शब्द मात्र जपून वापरा असं ते सुचवतं, कारण त्याला कायद्याची, उत्पादनाच्या जबाबदारीची छटा आहे. चॅटमध्ये ‘डिफेक्टिव्ह’ चालून जातं. अहवालात ‘ड्रॉइंगप्रमाणे नाही’ हे जास्त खरं आणि जास्त टिकाऊ.

‘कशावरून’ हे तिसरं हाड सर्वात जास्त मोडतं. नो-गो गेज फक्त हो की नाही सांगतं, किती ते सांगत नाही. म्हणून आरपार गेलेले चार नग बोअर डायल गेजने मोजले. आकडे आले 25.026, 25.029, 25.031 आणि 25.034. पहिला नग मर्यादेच्या फक्त 5 मायक्रॉन वर आहे. आता सप्लायरच्या जागी बसून बघा. तो विचारणार, माल टेम्पोतून उतरवल्या उतरवल्या मोजला का? प्रश्न आगाऊ वाटतो, पण चुकीचा नाही. मापं 20 अंश सेल्सिअसला धरायची हा जागतिक संकेत आहे. एक मीटर स्टील तापमानाच्या एका अंशाला साधारण साडेअकरा मायक्रॉन वाढतं. उन्हातल्या टेम्पोत बुश 35 अंशांवर गेला आणि थंड खोलीत लावलेल्या गेजने लगेच मोजला, तर 25 मिलिमीटरचं भोक 4 मायक्रॉन जास्त दिसेल. त्या पहिल्या नगाची जवळजवळ सगळी चूक उन्हाने खाऊन टाकली!

म्हणून नग रात्रभर गेज रूममध्ये ठेवले आणि सकाळी पुन्हा मोजले. वरचे आकडे त्या दुसऱ्या मोजणीचे आहेत, आणि अहवालात तसं एका वाक्यात लिहिलं. गेजचा क्रमांक आणि त्याच्या कॅलिब्रेशनची मुदत हेही त्याच ओळीत. हे कागद रंगवणं वाटतं खरं, पण ही एक ओळ नसल्यामुळे पुढे आठवडाभर ई-मेलांची धुणी धुतली जातात.

संख्येचीही अशीच गंमत. लॉट 800 नगांचा होता. नमुना तपासणीच्या आयएसओ 2859 मानकाच्या तक्त्यात नेहमीच्या पातळीवर एवढ्या लॉटमधून 80 नग काढतात. 1 टक्क्याच्या एक्यूएलला त्यात दोनपर्यंत नग नापास झाले तर लॉट स्वीकारायचा, तीन झाले तर नाकारायचा. इथे बोअरमध्येच सहा गेले. चॅटवाचून सप्लायरचा समज होतो की सहा बुश खराब आहेत, ते बदलून दिले की झालं. अहवालात स्पष्ट हवं की 80 पैकी 6 नग ठरल्याप्रमाणे नाहीत, म्हणून 800 नगांचा पूर्ण लॉट नाकारला आहे. उलट्या बाजूने ‘लॉटमध्ये 60 नग खराब आहेत’ असंही लिहायचं नाही. तो त्रैराशिकाचा अंदाज झाला, मोजलेली गोष्ट नव्हे.

‘होल्ड’ हा शब्दही अर्धाच. होल्ड म्हणजे माल लाल पट्टीच्या मागे ठेवला, एवढंच. पुढे काय, परत पाठवायचा, सप्लायरच्या माणसांनी येऊन शंभर टक्के निवडायचा, की डेव्हिएशन घेऊन वापरायचा, हा निर्णय इन्स्पेक्टरचा नसतो. आयएसओ 9001 च्या 8.7 कलमाप्रमाणे असा निर्णय कोणाच्या अधिकारात झाला हेही नोंदवावं लागतं. ती सही येईपर्यंत अहवालात ‘निर्णय प्रलंबित’ लिहिलेलं बरं.

सगळं जुळल्यावर पहिली नोंद अशी उतरली:

‘अपेक्षा: ड्रॉइंगप्रमाणे बोअर 25 एच 7 (25.000 ते 25.021 मिमी). आढळले: 80 नगांच्या नमुन्यात 4 नगांत नो-गो प्लग गेज आरपार जाते, मोजलेले व्यास 25.026 ते 25.034 मिमी. नग 20 अंशांच्या खोलीत रात्रभर ठेवून मोजले. हे चारही नग पेटी क्र. 7 व 8 मधील. कारवाई: नोंद 1 व 2 मिळून 6 नग नापास झाल्याने 800 नगांचा लॉट नाकारून वेगळा ठेवला आहे. मूळ कारण व उपाय कळवावेत.’

वर पार्ट नंबर, ड्रॉइंगची आवृत्ती, चलान आणि जीआरएनचे क्रमांक. त्याखाली दुसरी नोंद तोंडाशी फाकलेल्या दोन नगांची, तिसरी बरची. फोटो जोडले, गेज आत गेलेलं दिसेल असे.

हे सगळं लवकर व्हायला कायद्याचंही कारण आहे. 1930 च्या माल विक्री कायद्यानुसार, नाकारल्याचं न कळवता माल वाजवी मुदतीपलीकडे ठेवून घेतला तर तो स्वीकारला असं धरलं जातं. वेगळा करार नसेल तर नाकारलेला माल परत पोचवायची सक्ती खरेदीदारावर नाही, नकार कळवला की पुरतं. सप्लायर सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेला असेल तर 2006 चा एमएसएमईडी कायदाही लागू होतो. माल मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर माल पोचला त्याच दिवशी स्वीकारला असं मानून पैसे देण्याची मुदत मोजली जाते. ती करार काहीही असला तरी 45 दिवसांपुढे जात नाही. ‘आयडी वर, सांगा त्यांना’ या शब्दांना हरकत म्हणायचं का, यावर वकील वाद घालू शकतील. वरच्या नोंदीवर तो वाद होणार नाही.

पेटीचा क्रमांक चॅटमध्ये नव्हता. मॅडमनी फोनवर तो सहज विचारला होता आणि सप्लायरने सर्वात आधी तोच पाहिला. 7 आणि 8 या पेट्या त्याच्याकडच्या दुसऱ्या पाळीत भरलेल्या निघाल्या. त्या पाळीत इन्सर्ट बदलल्यावर ऑफसेट तपासलेला नव्हता आणि पहिला नग मोजलेला नव्हता. म्हणजे टूल झिजलेलं नव्हतंच, उलट कोरं होतं. तोंडाशी फाकलेले दोन नग मात्र पेटी 2 आणि 5 मधले होते. त्यांचं कारण त्याने अजून कळवलेलं नाही, आणि दुसऱ्या नोंदीपुढचा रकाना रिकामाच आहे.