फुफ्फुसातील तीव्र रक्तस्राव : धोका रक्त कमी होण्याचा नव्हे, गुदमरण्याचा

नवी दिल्ली : खोकल्यातून अचानक मोठ्या प्रमाणात रक्त पडू लागले, की रुग्ण रक्तक्षयाने दगावेल अशी भीती घरच्यांना वाटते. प्रत्यक्षात अशा रुग्णांचा मृत्यू बहुतेक वेळा गुदमरून होतो. श्वासनलिका व तिच्या मोठ्या शाखा मिळून जेमतेम दीडशे मिलिलिटर जागा असते. म्हणजे चहाच्या एका मोठ्या कपाएवढे रक्त तेथे साचले, तरी श्वास कोंडू शकतो. चोवीस तासांत किती रक्त पडले म्हणजे स्राव ‘तीव्र’ मानावा, याविषयी शंभरपासून सहाशे मिलिलिटरपर्यंत निरनिराळ्या व्याख्या आहेत. मात्र श्वास अडखळू लागला, तर मोजमापाची वाट पाहण्यात अर्थ नसतो.

भारतात या स्रावामागे अनेकदा क्षयरोग असतो. चालू असलेला किंवा वर्षांपूर्वी बरा झालेला. बऱ्या झालेल्या क्षयामुळे फुफ्फुसात पोकळी उरते, श्वसनीच्या शाखा कायमच्या रुंदावतात, कधी पोकळीत बुरशीचा गोळा वाढतो. कर्करोग हेही एक महत्त्वाचे कारण आहे. फुफ्फुसाला रक्तपुरवठा दोन मार्गांनी होतो. बहुतांश रक्त फुप्फुसीय धमनीतून कमी दाबाने येते. श्वसनी धमन्या मात्र महाधमनीतून निघतात. त्यांतून अल्प, पण शरीरातील पूर्ण दाबाचे रक्त वाहते. दीर्घकालीन दाहामुळे याच धमन्या फुगतात, वेड्यावाकड्या वाढतात आणि फुटतात. तीव्र स्रावाच्या सुमारे नव्वद टक्के घटनांचे मूळ त्यांच्यात असते.

उदाहरणादाखल पंचेचाळीस वर्षांचा एक रुग्ण घेऊ. दहा वर्षांपूर्वी त्याचा क्षयरोग बरा झाला आहे. मध्यरात्री खोकल्याची उबळ येते आणि तासाभरात सुमारे तीनशे मिलिलिटर लालभडक, फेसाळ रक्त पडते. पोटातून आलेले रक्त बहुधा काळपट व अन्नमिश्रित असते. येथे तसे नाही. घरात जुनी एक्स-रे फिल्म आहे आणि तीत उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागात पोकळी दिसते. ही फिल्म यावेळी फार मोलाची ठरते, कारण पहिली कृती बाजूवर अवलंबून असते : रुग्णाला उजव्या कुशीवर, म्हणजे स्राव होणाऱ्या बाजूवर निजवायचे. त्यामुळे रक्त खालच्या फुफ्फुसात राहते आणि डावे, निरोगी फुफ्फुस वाचते. उताणे निजवल्यास दोन्ही बाजू भरण्याची भीती असते. बर्फ चघळायला देणे, पाणी पाजणे हे प्रकार टाळावेत. खोकला दाबणारे औषधही स्वतःहून देऊ नये.

रुग्णालयात प्राणवायू सुरू होतो. रक्तगट व रक्त गोठण्याची तपासणी होते. रक्ताची गुठळी विरघळू न देणारे ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड दिले जाते, पण त्याच्या भरवशावर थांबता येत नाही. ऑक्सिजनचे प्रमाण घसरत राहिले, तर श्वासनलिकेत नळी घालावी लागते. नळी जाड हवी, शक्यतो आठ क्रमांकाची किंवा मोठी, कारण तिच्यातून दुर्बीण जायला हवी आणि गुठळ्या ओढून काढता यायला हव्यात. या रुग्णात दुर्बिणीच्या साह्याने नळी डाव्या मुख्य श्वसनीत सरकवली जाते, म्हणजे निरोगी फुफ्फुसाला हवा मिळत राहते. डावीकडून स्राव असता आणि नळी उजवीकडे न्यावी लागली असती, तर उजव्या वरच्या खंडाचे तोंड झाकले जाण्याचा धोका होता. ते मुख्य श्वसनीच्या आरंभीच फुटते.

श्वासमार्ग सुरक्षित झाल्यावर सीटी अँजिओग्राफीने धमन्यांचा नकाशा मिळतो. मग इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट जांघेतील धमनीतून बारीक नळी महाधमनीत नेतात आणि पाठीच्या पाचव्या-सहाव्या मणक्यांच्या पातळीवर श्वसनी धमनीचे मुख शोधतात. हेच श्वसनी धमनीचे एम्बोलायझेशन. फ्रान्समधील डॉ. रेमी यांनी 1973 मध्ये त्याचे वर्णन केले. धमनी बंद करण्यासाठी साधारण 300 ते 500 मायक्रॉनचे कण सोडतात. त्याहून बारीक कण पलीकडे निसटून निरोगी ऊतींना इजा करू शकतात.

सर्वांत सावधगिरीचा टप्पा कण सोडण्याआधीचा. मज्जारज्जूला रक्त देणारी धमनी कधी कधी याच फाट्यातून निघते, विशेषतः उजव्या बाजूला. चित्रात ती दिसली, तर सूक्ष्म नळी तिच्या पुढे नेऊनच कण सोडतात. तेही शक्य नसेल तर प्रक्रिया थांबवावी लागते. चूक झाल्यास पाय लुळे पडू शकतात. ही गुंतागुंत विरळ असली तरी गंभीर आहे.

बहुतेक रुग्णांत स्राव लगेच थांबतो. पण पुढील महिन्यांत तो पुन्हा होणे असामान्य नाही. फुप्फुसीय धमनीचा फुगवटा फुटला असेल, तर या उपायाने फायदा होत नाही. ती धमनी वेगळ्या मार्गाने बंद करावी लागते. या रुग्णाच्या पोकळीत बुरशीचा गोळा आढळला, तर स्राव परतण्याची शक्यता अधिक. फुफ्फुसांची क्षमता पुरेशी असल्यास प्रकृती स्थिरावल्यावर तो भाग शस्त्रक्रियेने काढण्याचा विचार होतो. याच काळात थुंकीची तपासणीही होते. पुन्हा रक्त पडले म्हणजे क्षय परतलाच, असे नसते आणि तपासणीविना क्षयाची औषधे नव्याने सुरू केल्यास बुरशीचे निदान लांबते.