गर्भपिशवी काढायची, पण कुठल्या मार्गाने?

'पिशवी काढावी लागेल' असे डॉक्टरांनी सांगितले की घरात पहिला प्रश्न येतो, 'पोट उघडायचं की दुर्बिणीतून?' तिसरा मार्ग बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. तो म्हणजे योनीमार्ग, पोटावर एकही छेद न देता. जुन्या बायका त्यालाच 'बिनटाक्याचं ऑपरेशन' म्हणतात. टाके त्यातही असतात, फक्त ते आत असतात आणि आपोआप विरघळतात. अंग बाहेर आले असेल तरच हे करता येते, हा समज मात्र बरोबर नाही.

पिशवी कर्करोगासाठी काढायची नसेल आणि योनीमार्गाने निघण्यासारखी असेल, तर त्याच मार्गाला आधी पसंती द्यावी, असे स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटना सांगतात. पोट उघडण्यापेक्षा दुखणे कमी, घरी लवकर जाता येते आणि दुर्बिणीची महागडी साधनेही लागत नाहीत. बऱ्याचदा कमरेत इंजेक्शन देऊन भागते. दुर्बिणीसाठी मात्र पूर्ण भूल लागते, कारण पोटात वायू भरून डोक्याकडची बाजू खाली करावी लागते. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा गंभीर आजार असलेल्या बाईला ते झेपेलच असे नाही.

'निघण्यासारखी' म्हणजे काय, हे सोनोग्राफीच्या कागदावर पूर्ण कळत नाही. ते डॉक्टरांच्या बोटांना कळते. योनीतून तपासताना ते पिशवीचा आकार बघतात, ती सैल हलते की कुठे चिकटली आहे ते बघतात, आणि खाली ओढल्यावर किती उतरते, योनीत काम करायला जागा किती आहे, तेही पाहतात. आकार गर्भारपणाच्या आठवड्यांत सांगतात. '१२ आठवड्यांची पिशवी' म्हणजे तिसरा महिना संपताना असते तेवढी. हे ऐकून घरचे दचकतात, पण गरोदरपणाशी त्याचा संबंध नसतो.

उदाहरण म्हणून दोन जावा धरा. थोरली ४६ वर्षांची, दोन्ही बाळंतपणे नॉर्मल. गाठींमुळे पिशवी १४ आठवड्यांची झालेली, रक्तस्राव गोळ्यांनी थांबेना. धाकटीची पिशवी जेमतेम ८ आठवड्यांची, पण दोन सिझेरियन झालेली आणि पाळीच्या दिवसांत असह्य दुखणे. मोठ्या पिशवीला पोट उघडावे लागेल आणि लहान खालून निघेल, असे कुणालाही वाटेल. घडते उलट.

थोरलीची पिशवी मोठी असली तरी सैल हलते. बाळंतपणांमुळे योनीत जागा आहे. सर्जन आधी पिशवीला रक्त नेणाऱ्या मुख्य वाहिन्या दोन्ही बाजूंनी बांधून घेतो. मग पिशवीचे आणि गाठींचे तुकडे करत ती बाहेर काढतो. त्याआधी आतल्या अस्तराचा तुकडा तपासून कर्करोग नसल्याची शक्य तितकी खात्री केलेली असते. शंका असलेली पिशवी पोटात फोडायची नसते.

धाकटीच्या बाबतीत सिझेरियनच्या जागी मूत्राशय पिशवीला चिकटलेले असू शकते. फक्त तेवढ्यावर योनीमार्ग बाद होत नाही, अनुभवी सर्जन त्यातूनही करतात. पण तिच्या दुखण्यामागे एंडोमेट्रिओसिसचा संशय आहे. त्यात आतडे आणि अंडाशयही मागे चिकटलेले सापडतात. तिथे न बघता हात घालण्यापेक्षा दुर्बिणीतून बघून एकेक थर सोडवणे बरे.

दुर्बीण म्हणजे धोका शून्य, असेही नाही. मूत्रपिंडाकडून लघवी खाली आणणारी नळी पिशवीच्या तोंडापासून जेमतेम दीड-दोन सेंटिमीटरवरून जाते, तीही पिशवीच्या रक्तवाहिनीच्या खालून. विजेच्या उपकरणाची उष्णता तिला लागली तर इजा त्या दिवशी दिसेलच असे नाही. आठ-पंधरा दिवसांनी कमरेच्या वर एका बाजूला दुखणे, ताप, किंवा योनीतून सतत पाणी गळणे, यातून ती कळते. 'जखम भरतेय, होईल कमी' म्हणत घरी बसू नये. टाके आत घातलेले असतात, त्यामुळे साधारण सहा ते आठ आठवडे शरीरसंबंधही टाळायचा असतो. हे विचारायला बायका लाजतात आणि डॉक्टरही कधी कधी सांगायचे विसरतात.

मग पोट कधी उघडायचे? पिशवी बेंबीच्या वर गेलेली असेल, आत सगळे घट्ट चिकटलेले असेल किंवा काही कर्करोग असतील तेव्हा. पिशवीच्या तोंडाच्या कर्करोगात दुर्बिणीपेक्षा पोट उघडून केलेल्या बायका अधिक जगल्या, असे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत दिसले. तोपर्यंत दोन्ही मार्गांचा परिणाम सारखाच, असा अनेकांचा समज होता.

शेवटचा निर्णय कित्येकदा भूल दिल्यावर, स्नायू सैल पडल्यावर पुन्हा तपासून होतो. म्हणून संमतीपत्रावर 'गरज पडल्यास पोट उघडून' असे लिहून घेतात. रक्तस्राव आवरेना किंवा आत वाट मिळेना तर मध्येच मार्ग बदलणे हे शहाणपणाचे असते, त्याला चूक म्हणू नये. सर्जनला मात्र आधीच विचारावे, 'माझी पिशवी खालून का निघणार नाही?' आणि 'तुम्ही स्वतः योनीमार्गाने किती करता?' कारण मार्ग ठरतो तो पिशवीवरून, तसा सर्जनच्या सरावावरूनही. ज्याचा हात दुर्बिणीवर बसलेला, तो दुर्बीणच सुचवणार.