‘असावा’ म्हणजे नक्की काय?

ओळखीच्या एका डॉक्टरांनी त्यांच्या दवाखान्यासाठी लिहिलेली जाहिरात मला तपासायला दिली. वर मराठी, खाली इंग्रजी. मराठी मजकूर असा होता: ‘रिसेप्शनिस्ट पाहिजे. स्मार्ट, अविवाहित मुलगी. वय २५ पर्यंत. मातृभाषा मराठी. इंग्रजी व संगणकाचे ज्ञान असावे. दवाखान्यातील सर्व कामे करावी लागतील. १५ तारखेपर्यंत अर्ज करावा.’ खालच्या इंग्रजीत मात्र इंग्रजी भाषा ‘मस्ट’ होती, संगणक ‘प्रिफर्ड’ होता आणि अर्ज १५ तारखेच्या ‘बिफोर’ मागवले होते. म्हणजे मराठी वाचणाऱ्याला पंधरा तारीख मोकळी, इंग्रजी वाचणाऱ्याची मुदत चौदालाच संपली. एकाच कागदावर दोन वेगळ्या नोकऱ्या!

घोळाचं मूळ ‘असावे’ या शब्दात आहे. ‘संगणकाचे ज्ञान असावे’ म्हणजे नसेल तर येऊच नका, की असेल तर बरं? मराठीत दोन्ही अर्थ निघतात. इंग्रजी करताना भाषांतरकाराला त्यातला एक निवडावाच लागतो आणि तो अंदाजाने निवडतो. म्हणून मी डॉक्टरांना पात्रतेच्या दोन याद्या करायला सांगितल्या, ‘आवश्यक’ आणि ‘असल्यास प्राधान्य’. मग विचारलं, “पहिल्या दिवशी काय आलंच पाहिजे आणि पंधरा दिवसांत काय शिकवता येईल?” नोंदणीचं सॉफ्टवेअर शिकवता येतं, म्हणून ते दुसऱ्या यादीत गेलं. मराठीत बोलणं आणि वाचता येईल असं लिहिणं पहिल्या यादीत राहिलं.

‘मातृभाषा मराठी’ मात्र काढावं लागलं. सोलापुरात वाढलेल्या, घरी कन्नड किंवा तेलुगू बोलणाऱ्या कितीतरी जणांचं मराठी अस्सल असतं. दवाखान्याला रुग्णाशी नीट बोलणारं माणूस हवंय, त्याच्या आईची भाषा कोणती हे नको. ‘मराठी सफाईने बोलता-लिहिता यावे’ एवढं पुरतं.

‘अविवाहित मुलगी’ही गेली. समान स्वरूपाच्या कामासाठी भरती करताना लिंगावरून भेदभाव करू नये, असं २०१९ ची वेतन संहिता सांगते. पण ‘मुलगी’ शब्द खोडला की मराठीत दुसरी अडचण उभी राहते. ‘उमेदवार प्रामाणिक व तत्पर असावा’ लिहिलं की व्याकरणाने पुरुषच समोर येतो. इंग्रजीत ही अडचण येत नाही, म्हणून इंग्रजीवरून मराठी करणाऱ्याच्या ती लक्षातही येत नाही. ‘असावा/असावी’ अशी तिरकी रेघ मारत बसलं तर वाचणारा कंटाळतो. सोपी वाट मराठीतच आहे: वाचकाशी ‘तुम्ही’ म्हणून बोला आणि भविष्यकाळ वापरा. ‘तुम्ही नोंदी ठेवाल, फोन घ्याल’ हे बाई, पुरुष, तृतीयपंथी, सगळ्यांना सारखंच लागू होतं.

उरली ‘सर्व कामे’. यात लादी पुसणं येतं का? कामं मोजून लिहायला बसलो तेव्हा डॉक्टरांच्याच लक्षात आलं की औषधं देण्याचं काम या जागेचं नव्हतंच. शेवटी मराठी मजकूर असा झाला:

दवाखान्यासाठी स्वागतकक्ष सहायक हवे आहेत

काम: तुम्ही रुग्णांची नोंद कराल, फोनवर वेळ ठरवून द्याल, फी घेऊन पावती द्याल आणि रोज रात्री हिशेब जुळवाल.

वेळ: सोमवार ते शनिवार, सकाळी ९ ते १ आणि संध्याकाळी ५ ते ८.

पगार: दरमहा १६,००० ते १८,००० रुपये, अनुभवानुसार.

आवश्यक: दहावी उत्तीर्ण, मराठी सफाईने बोलता-लिहिता यावे, इंग्रजी नावे व औषधांच्या चिठ्ठ्या वाचता याव्यात.

असल्यास प्राधान्य: संगणकावर नोंदी ठेवण्याचा अनुभव.

मध्ये काही वर्षे नोकरी केली नसली तरी अर्ज करा. दवाखाना पहिल्या मजल्यावर असून लिफ्ट आहे. मुलाखतीसाठी काही सोय हवी असल्यास आधी कळवा. अर्ज १५ तारखेला रात्री ८ वाजेपर्यंत स्वीकारले जातील.

लिफ्टचं वाक्य किरकोळ वाटेल. पण ‘सर्वांचे स्वागत’ असं नुसतं लिहिण्यापेक्षा कुबड्या घेऊन चालणाऱ्या माणसाला त्याचा जास्त उपयोग आहे. लिफ्ट नसती तर तेही सरळ लिहायला हवं होतं.

यानंतर इंग्रजी मजकूर नव्याने बेतला आणि तपासणी दोघांत वाटून घेतली. डॉक्टरांच्या मुलीने फक्त इंग्रजी वाचून मराठीत सांगायचं आणि मी मराठी कागदावर खुणा करायच्या: प्रत्येक आकडा, तारीख, ‘आवश्यक’ आणि ‘प्राधान्य’. एकच खूण अडली. इंग्रजीत ‘दहावी’च्या जागी ‘ग्रॅज्युएट’ पडलं होतं. डॉक्टर म्हणाले, “सवयीने लिहिलं हो.”