उथळ अल्टकॉइन जोड्यांतील लिमिट ऑर्डर, मार्केट ऑर्डर आणि स्लिपेज

स्लिपेज म्हणजे खरेदीदाराने वा विक्रेत्याने मनाशी धरलेला भाव आणि व्यवहार प्रत्यक्षात ज्या सरासरी भावाने पूर्ण झाला तो भाव, यांतील फरक होय. बिटकॉइनखेरीज अन्य आभासी चलनांना अल्टकॉइन म्हणतात. यांपैकी अनेक चलनांच्या जोड्यांत, विशेषतः भारतीय रुपयातील जोड्यांत, खरेदीदार व विक्रेते थोडे असतात. अशा बाजारास उथळ बाजार म्हणतात. उथळ बाजारात स्लिपेज किती होईल, हे मुख्यतः ऑर्डरच्या प्रकारावर आणि तिच्या आकारावर अवलंबून असते.

## आदेशवही व ऑर्डरचे दोन प्रकार

प्रत्येक जोडीसाठी विनिमय केंद्र (एक्स्चेंज) एक आदेशवही, म्हणजेच ऑर्डर बुक, राखते. तिच्या एका बाजूस खरेदीदारांनी देऊ केलेले भाव व नगसंख्या असतात, तर दुसऱ्या बाजूस विक्रेत्यांनी मागितलेले. सर्वोच्च खरेदीभाव व सर्वांत कमी विक्रीभाव यांतील अंतरास स्प्रेड म्हणतात. पडद्यावर ठळकपणे दिसणारा भाव मात्र बहुधा शेवटच्या व्यवहाराचा असतो. त्या भावाने आता कोणी माल देईलच, असे नाही.

मार्केट ऑर्डर ही भावाची अट न घालता व्यवहार तत्काळ पूर्ण करण्याची आज्ञा आहे. पहिल्या विक्रेत्याकडील नग संपले की ती पुढच्या, अधिक महाग विक्रेत्याकडे जाते आणि मागणी पूर्ण होईपर्यंत वर चढत राहते. लिमिट ऑर्डर मध्ये खरेदीदार कमाल भाव ठरवून देतो. त्याहून अधिक भावाने खरेदी होत नाही. मागितलेले सर्व नग त्या भावात न मिळाल्यास उरलेली मागणी आदेशवहीत प्रतीक्षेत राहते. थोडक्यात, मार्केट ऑर्डर व्यवहाराची हमी देऊन भाव मोकळा सोडते, तर लिमिट ऑर्डर भावाची हमी देऊन व्यवहार अनिश्चित ठेवते.

## उदाहरण

एका काल्पनिक अल्टकॉइनच्या रुपया-जोडीत सर्वोच्च खरेदीभाव ९८.५० रुपये असून विक्रेत्यांची बाजू पुढीलप्रमाणे आहे, असे समजू.

| विक्रीभाव (रुपये) | उपलब्ध नग |
|---|---|
| १००.०० | १५० |
| १००.८० | १०० |
| १०२.०० | २०० |
| १०४.५० | ३०० |

एका व्यक्तीस १०० रुपये भावाने ६०० नग घ्यायचे आहेत. तिने मार्केट ऑर्डर दिल्यास पहिल्या तीन पायऱ्यांवरील ४५० नग संपतात आणि उरलेले १५० नग १०४.५० रुपयांनी मिळतात. एकूण खर्च ६०,००० ऐवजी ६१,१५५ रुपये होतो आणि सरासरी भाव सुमारे १०१.९३ रुपये पडतो. स्लिपेजची टक्केवारी अशी काढतात:

```
स्लिपेज % = (सरासरी भाव − नियोजित भाव) ÷ नियोजित भाव × १००
```

येथे ते सुमारे १.९३ टक्के आहे. ऑर्डर नगांऐवजी रकमेत, म्हणजे ६०,००० रुपयांची दिली असती, तर खर्च वाढला नसता. परंतु ६०० ऐवजी सुमारे ५८९ नगच हाती आले असते.

## नियोजित प्रवेशावरील परिणाम

दोन टक्क्यांचा फरक वरवर किरकोळ वाटतो. त्याचा खरा परिणाम नफा व जोखीम यांच्या गुणोत्तरावर होतो. वरील खरेदीदाराचा बेत १०६ रुपयांना विकण्याचा आणि भाव उलट फिरल्यास ९७ रुपयांना बाहेर पडण्याचा होता, असे मानू. १०० रुपयांना प्रवेश झाला असता, तर दर नगामागे ३ रुपयांची जोखीम पत्करून ६ रुपये मिळण्याची शक्यता होती. प्रत्यक्ष प्रवेश १०१.९३ रुपयांना झाल्यामुळे संभाव्य नफा सुमारे ४.०७ रुपयांवर येतो आणि जोखीम सुमारे ४.९३ रुपयांवर जाते. ६०० नगांचा विचार करता, १,८०० रुपयांच्या जोखमीवर ३,६०० रुपयांचा बेत आता २,९५५ रुपयांच्या जोखमीवर २,४४५ रुपयांचा झाला. चलनाविषयीचा अंदाज तोच असूनही व्यवहार करण्याजोगा उरला नाही.

बाहेर पडतानाही हीच अडचण येते. ९७ रुपयांची तोटारोधक (स्टॉप-लॉस) ऑर्डर त्या भावास पोहोचताच मार्केट ऑर्डरमध्ये रूपांतरित होणारी असल्यास ती खरेदीदारांची बाजू खाली खाली उतरत जाते. त्यामुळे विक्रीचा सरासरी भाव ९७ हून कमी पडू शकतो.

## लिमिट ऑर्डरच्या मर्यादा

याच आदेशवहीत १०१ रुपयांची लिमिट ऑर्डर दिल्यास २५० नग तत्काळ, सरासरी १००.३२ रुपयांना मिळतात आणि ३५० नगांची मागणी वहीत थांबते. भाव वर निघून गेल्यास ती अपुरीच राहते. उलट भाव कोसळू लागल्यास तीच सर्वप्रथम पूर्ण होते. थांबलेल्या लिमिट ऑर्डरला माल बहुधा प्रतिकूल वेळीच मिळतो, हा तिचा अंगभूत दोष होय. काही विनिमय केंद्रांत, तत्काळ मिळतील तेवढे नग घेऊन उरलेली मागणी आपोआप रद्द करण्याचा पर्यायही असतो. तोटारोधक ऑर्डरला लिमिटची जोड दिल्यास भाव सुरक्षित राहतो. पण वेगवान घसरणीत विक्रीच न होण्याचा धोका उरतो.

ऑर्डर देण्यापूर्वी संभाव्य स्लिपेज वरीलप्रमाणे वहीतील नगांची बेरीज करून अजमावता येते. इच्छित भावाच्या एक टक्का मर्यादेत आवश्यक तेवढे नग नसल्यास ऑर्डरचे लहान भाग करणे किंवा ती न देणे हेच पर्याय उरतात. हा अंदाज मात्र त्या क्षणापुरताच खरा असतो, कारण वहीतील मोठी मागणी वा पुरवठा क्षणात मागे घेता येतो. चोवीस तासांची उलाढाल ही देखील पुरेशी खूण नव्हे. त्यावरून त्या क्षणी वहीत किती माल आहे, हे कळत नाही.

## भारतातील रुपया-जोड्या

वझीरएक्स व कॉइनडीसीएक्स या २०१८ मध्ये सुरू झालेल्या भारतीय विनिमय केंद्रांवर अल्टकॉइनच्या रुपयातील जोड्या उपलब्ध झाल्या. एकाच चलनाची रुपया-जोडी ही त्याच्या टेथर-जोडीहून वेगळी बाजारपेठ असते. जगभर मुबलक व्यवहार होणारे चलनही रुपयात उथळ असू शकते. १ जुलै २०२२ पासून आभासी मालमत्तेच्या हस्तांतरणावर एक टक्का उद्गम करकपात लागू झाली. ही कपात नफ्यावर नसून विक्रीच्या रकमेवर असते. दोन्ही बाजूंना सतत भाव देऊन वही भरलेली ठेवणारे व्यापारी प्रत्येक व्यवहारात एक टक्क्याहूनही कमी अंतरावर काम करतात. प्रत्येक विक्रीस त्यांचे भांडवल अडकू लागले आणि देशी केंद्रांवरील उलाढाल मोठ्या प्रमाणात घटली.

१ एप्रिल २०२२ पासून अशा नफ्यावर ३० टक्के कर असून एका व्यवहारातील तोटा दुसऱ्या व्यवहारातील नफ्यातून वजा करता येत नाही. त्यामुळे स्लिपेजपायी तोट्यात गेलेला व्यवहार करआकारणीतही भरून निघत नाही.

## २०१७ मधील इथरची घसरण

मोठ्या बाजारातही ऑर्डर वहीच्या मानाने फार मोठी असल्यास हेच घडते. २१ जून २०१७ रोजी अमेरिकेतील जीडॅक्स या केंद्रावर इथर-डॉलर जोडीत अनेक दशलक्ष डॉलरची एक विक्रीची मार्केट ऑर्डर आली. तिने भाव ३१७.८१ डॉलरवरून २२४.४८ डॉलरपर्यंत खाली आणला. या घसरणीमुळे इतरांच्या सुमारे ८०० तोटारोधक ऑर्डर व सक्तीच्या विक्री एकामागून एक कार्यान्वित झाल्या आणि भाव क्षणभर ०.१० डॉलरपर्यंत पोहोचला. काही वेळातच तो सावरला. झालेले व्यवहार केंद्राने कायम ठेवले आणि ज्यांची अशी विक्री झाली, त्या ग्राहकांना स्वतःच्या निधीतून भरपाई दिली. अशी भरपाई देणे हा मात्र मार्केट ऑर्डरच्या नियमांचा भाग नसतो.