कपाळावर आठी पडते का?

देवळीच्या ग्रामीण रुग्णालयात सकाळच्या ओपीडीत चाळिशीतले एक शेतकरी आले. पहाटे चूळ भरताना पाणी डाव्या कोपऱ्यातून गळू लागलं. आरशात पाहिलं तर तोंड उजवीकडे ओढलेलं. पत्नी रडवेली झाली होती. "साहेब, यायले लकवा मारला जी. हातपाय तं चालू हायेत, पण तोंडच वाकडं झालं."

मी म्हटलं, "भाऊ, डोकं न हलवता वर छताकडे पाहा." कपाळाच्या उजव्या भागावर आठ्या पडल्या, डावा भाग गुळगुळीतच राहिला. "आता डोळे घट्ट मिटा." डावी पापणी मिटेना, बुबुळ वर सरकलं आणि फटीतून डोळ्याचा पांढरा भाग दिसत राहिला. हातापायांची ताकद, बोलणं, चालणं ठीक होतं. मी वहिनींना सांगितलं, हा मेंदूचा लकवा वाटत नाही.

त्यांना ते पटेना, आणि त्यात नवल नाही. अर्धा चेहरा कपाळापासून हनुवटीपर्यंत लुळा पडला की दुखणं जास्त मोठं वाटतं. इथे मात्र हिशेब उलटा आहे.

चेहरा हलवण्याचा हुकूम दोन टप्प्यांत येतो. पहिला टप्पा मेंदूच्या वरच्या भागापासून मेंदूच्या देठातल्या केंद्रापर्यंत, म्हणजे अप्पर मोटर न्यूरॉनचा. दुसरा त्या केंद्रापासून स्नायूपर्यंत, म्हणजे लोअर मोटर न्यूरॉनचा. चेहऱ्याची नस ती हीच. तोंडाच्या भागाला हुकूम मुख्यतः मेंदूच्या विरुद्ध बाजूकडून मिळतो, कपाळाला मात्र दोन्ही बाजूंकडून. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर कपाळाच्या डीपीला दोन फीडर आहेत. मेंदूत गुठळी होऊन एक फीडर गेला तरी कपाळ चालू राहतं, तोंड तेवढं वाकडं होतं. पण डीपीनंतरची वायरच तुटली, तर त्या बाजूचं सगळंच बंद पडतं.

ती वायर नेमकी कुठे बिघडली, हेही बरंचसं कळतं. मेंदूच्या देठातून निघालेली ही नस कानामागच्या हाडातल्या सुमारे ३ सेंटीमीटर लांबीच्या वाकड्या बोगद्यातून जाते. एका ठिकाणी तो बोगदा १ मिलिमीटरपेक्षाही अरुंद आहे. नसेला सूज आली की तिथे पसरायला जागाच नसते. वाटेत ती आधी अश्रूंसाठी, मग कानातल्या एका चिमुकल्या स्नायूसाठी आणि नंतर जिभेच्या पुढच्या भागाच्या चवीसाठी फांद्या देते. कानाखालून बाहेर आली की लाळग्रंथीतून जाऊन चेहऱ्यावर पसरते.

भाऊंना विचारलं, तर दोन दिवस कानामागे दुखत होतं आणि ट्रॅक्टरचा आवाज डाव्या कानात टोचत होता. जिभेच्या डाव्या कडेला साखर लावली, ती गोड लागेना. म्हणजे बिघाड हाडातच, कानाच्या स्नायूची फांदी फुटण्याच्या आधी. आवाज आणि चव शाबूत असती, तर मी कानाखालच्या ग्रंथीत गाठ चाचपली असती. कानात पुरळ नव्हतं. फोड असते तर नागिणीची शंका घेतली असती. हा बेल्स पाल्सी नावाचा आजार. १८२१ मध्ये या नसेचं काम सांगणाऱ्या चार्ल्स बेल यांचं नाव त्याला मिळालं.

रक्तातली साखर तपासून स्टिरॉइडच्या गोळ्या सुरू केल्या. त्या पहिल्या ७२ तासांत सुरू व्हाव्या लागतात. त्याहून मोठी काळजी डोळ्याची, कारण उघडा डोळा सुकतो आणि बुबुळावर जखम होते. म्हणून दिवसा थेंब, रात्री मलम लावून पापणीवर पट्टी. औषधाशिवायही दहापैकी साधारण सात जण पूर्ण बरे होतात, आणि त्याचं श्रेय कबुतराचं रक्त चोळणाऱ्याला मिळतं. तीन-चार महिन्यांतही हालचाल परतली नाही, किंवा चेहरा आठवड्यांगणिक हळूहळू लुळा पडत गेला, तर गाठीचा शोध घ्यावा लागतो.

त्याच आठवड्यात साठीपुढचे एक आजोबा आले. तोंड थोडंसंच वाकडं, आठ्या दोन्हीकडे, डोळे नीट मिटलेले. नातवाच्या बोलण्यावर ते हसले तेव्हा तोंड जवळपास सरळ झालं. मुद्दाम दात दाखवायला सांगितलं की मात्र उजवा कोपरा हलेना. असा फरक मेंदूच्या लकव्यात दिसतो. उजवा हात वर धरला तर खाली येत होता. मेंदूतली गुठळी विरघळवणारं औषध लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांतच देता येतं, त्याआधी सीटी स्कॅन लागतो. त्यांना लगेच सेवाग्रामला पाठवलं.

कपाळाची खूण मात्र दोनदा चकवते. मेंदूच्या देठातच, नसेच्या केंद्राजवळ झटका आला तर कपाळही जातं. पण मग बहुधा एकाच्या दोन वस्तू दिसतात किंवा विरुद्ध बाजूचे हातपाय लुळे पडतात. दुसरा चकवा कुष्ठरोगाचा. दत्तपूरच्या कुष्ठधामामुळे वर्ध्याला हा आजार अनोळखी नाही. त्यात गालाच्या हाडावरून जाणाऱ्या नसेच्या फांद्या बिघडतात, त्यामुळे तोंड सरळ असतं आणि डोळा तेवढा मिटत नाही. अशा रोग्याच्या गालावर चट्टा आहे का, तिथे कापसाचा स्पर्श कळतो का, हे मी आधी पाहतो.