प्रूफमध्ये एकच संदर्भ दोनदा आलाय? नंबर न बिघडवता असं उत्तर द्या

माझ्या पहिल्या रिसर्च पेपरच्या प्रूफवर, म्हणजे छपाईआधीच्या शेवटच्या प्रतीवर, कॉपीएडिटरची क्वेरी होती: 'संदर्भ 7 आणि 19 एकच आहेत का?' एकच होते. मी नुसतं 'हो, 19 काढा' लिहिणार होतो. पण यादीत 24 संदर्भ होते. 19 काढला की 20 ते 24 सगळे एकेक नंबर मागे सरकणार.

लेटेक्समध्ये हे आपोआप होतं. पण प्रूफ प्रकाशकाच्या फाइलमधून बनतं, आपली फाइल बदलून तिथे काही होत नाही. म्हणून बदल पूर्ण लिहून दिले: '19 काढा. मजकुरात [19] च्या जागी [7] करा. 20–24 आता 19–23.'

खरी गोम रेंजमध्ये आहे. [18–21] मध्ये 19 लपलेला असतो. रेंज उघडून लिहा: 18, 19, 20, 21. नवे नंबर होतात 18, 7, 19, 20. म्हणजे [7, 18–20]. टेबलांमधले आणि चित्रांखालचे नंबरही बघा, ते हमखास राहून जातात.

दुरुस्त प्रत आली की 1 ते 23 प्रत्येक नंबर मजकुरात सापडतो का ते तपासा. [24] कुठे दिसला, तर काहीतरी सुटलंय.