वाटीभर सत्त्वातून बाळाला लोह मिळते किती?

पनवेलमध्ये बाळ सहा महिन्यांचे झाले की घरातली आजी नाचणीचे सत्त्व करायला घेते. नाचणी भिजवायची, मोड आणायचे, वाटायची, कापडातून गाळायची आणि तळाशी बसलेला साका वाळवायचा. मग हे सत्त्व दुधात शिजवून, गूळ घालून बाळाला भरवायचे. नाचणीत लोह असते, म्हणजे बाळाच्या रक्ताची काळजी मिटली, असे घरात सगळेच मानतात. हा समज एकदा आकड्यांनी तपासून पाहिला पाहिजे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली सहा महिने ते पाच वर्षे वयाची ६८.९ टक्के मुले रक्तक्षयी आढळली. सगळाच रक्तक्षय लोहाच्या कमतरतेमुळे होतो असे नाही, पण या वयात ते सर्वांत मोठ्या कारणांपैकी एक असते.

पूर्ण दिवसांचे बाळ जन्मताना आईकडून लोहाचा साठा घेऊन येते. कोकणात पावसाळ्यापूर्वी बेगमी करून ठेवतात, तसाच हा साठा असतो आणि तो साधारण चार ते सहा महिने पुरतो. जन्मानंतर नाळ एक ते तीन मिनिटे थांबून कापली, तर बाळाकडे आणखी रक्त येते आणि साठा वाढतो. अपुऱ्या दिवसांच्या किंवा कमी वजनाच्या बाळाकडे मुळात साठाच थोडा असतो. म्हणून अशा बाळांना डॉक्टर सहा महिने थांबवत नाहीत, त्याआधीच लोहाचे थेंब सुरू करतात. आईच्या दुधाला पर्याय नाही, पण त्यात लोह फार थोडे असते. दिवसभराच्या स्तनपानातून बाळाच्या अंगी फार तर ०.१ मिलिग्रॅम लोह लागते. सहा महिन्यांनंतर मात्र त्याच्या शरीराला रोज सुमारे ०.७ मिलिग्रॅम लोह प्रत्यक्ष रक्तात पोचावे लागते.

आता हिशेब करू. समजा, नऊ महिन्यांचे, आठ किलोचे बाळ आहे. त्याच्या वाटीत दोन चमचे, म्हणजे सुमारे दहा ग्रॅम सत्त्व आहे. अख्ख्या नाचणीत शंभर ग्रॅमला साडेचार मिलिग्रॅमच्या आसपास लोह असते, म्हणजे या वाटीत अर्धा मिलिग्रॅम. गाळताना कोंडा निघून गेल्याने प्रत्यक्षात त्याहूनही कमी. धान्यातल्या लोहाला फायटेट आणि टॅनिन धरून ठेवतात. मोड आणल्याने फायटेट कमी होते हे खरे, पण दुधातले कॅल्शियम शोषणाच्या आड येते. पाच टक्के लोह शोषले गेले असे धरले, तरी रक्तात पोचते ०.०२५ मिलिग्रॅम. ही गरजेच्या जेमतेम तिसाव्या भागाइतकी रक्कम झाली. नाचणी बाळाला जरूर द्यावी, तिच्यात कॅल्शियम उत्तम असते. लोहासाठी तिच्यावर विसंबू नये, एवढेच माझे म्हणणे आहे. चमचाभर गुळाने, बिटाच्या किंवा डाळिंबाच्या लाल रंगानेही हा हिशेब फारसा बदलत नाही.

मांसाहारी घरांत उत्तर सोपे आहे. कोंबडीची कलेजी नीट शिजवून, कुस्करून वीस ग्रॅम, म्हणजे दोन-तीन छोटे चमचे दिली, तर त्यात दोन मिलिग्रॅमच्या आसपास लोह असते. प्राण्यांच्या मांसातले लोह चांगले शोषले जात असल्याने ०.३ मिलिग्रॅमच्या आसपास रक्तात जाते. शिवाय मांस-मासळीबरोबर खाल्लेल्या डाळभातातले लोहही अधिक शोषले जाते. कलेजीत अ जीवनसत्त्व फार असते, म्हणून ती आठवड्यातून एक-दोनदाच द्यावी. इतर दिवशी खिमा किंवा काटे काढलेली ताजी मासळी भातात कालवावी. सुका जवळा खारट असतो, तो या वयाला नको.

शाकाहारी घरात मसुराच्या डाळीला पहिला मान द्यावा. पंधरा ग्रॅम डाळीत सुमारे एक मिलिग्रॅम लोह असते. ती शिजवून, खाली उतरवल्यावर वरून लिंबू पिळले किंवा जेवणासोबत पिकलेल्या पेरूचा बिया काढलेला गर दिला, तर क जीवनसत्त्वामुळे शोषण दुप्पट-तिप्पट होऊ शकते. लिंबू डाळीसोबत उकळले तर त्यातले क जीवनसत्त्व बरेचसे नष्ट होते. भाजी लोखंडी कढईत केली तर थोडे लोह तिच्यात उतरते. दूध जेवणाबरोबर न देता मध्ये वेळ सोडून द्यावे. वर्षाच्या आत गाय-म्हशीचे दूध मुख्य पेय म्हणून तर देऊच नये. त्यात लोह नगण्य असते, त्याने पोट भरते आणि काही बाळांच्या आतड्यातून नकळत रक्त झिरपते. चहात बुडवलेले बिस्कीट पूर्ण बंद. चहातले टॅनिन लोह अडवते.

एवढे सगळे जमवूनही शाकाहारी बाळाची रोजची गरज भागणे कठीण असते. ही उणीव भरण्यासाठीच २०१८ च्या ‘ॲनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रमात सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांना आठवड्यातून दोनदा एक मिलिलिटर सिरप देण्याची सोय आहे. त्यात २० मिलिग्रॅम लोह आणि १०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते. आशाताईंकडून मिळणाऱ्या ५० मिलिलिटरच्या बाटलीला एका वेळी एकच मिलिलिटर सोडणारे टोपण असते. सिरपाने शी काळी होते. त्याला घाबरून बऱ्याच घरांत ते बंद केले जाते, पण तो रंग न शोषलेल्या लोहाचा असतो. ताप किंवा जुलाब असताना मात्र थांबून आशाताईंना विचारावे. कर्नाळा, नेरे परिसरातल्या वाड्यांमधली कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्टीवर निघतात, तेव्हा ही बाटली सामानात बांधून द्यायला हवी. नाहीतर नेमके वाढीचे महिने कोरडे जातात.

कमतरता ओळखायची कशी? लक्षणांची वाट पाहिली तर उशीर होतो. लोह कमी पडू लागले की शरीर ते आधी रक्तपेशींना देते, त्यामुळे हिमोग्लोबिन घसरण्याआधीच मेंदूला तुटवडा जाणवू लागतो. बेट्सी लोझॉफ यांनी कोस्टा रिकात तान्हेपणी लोहाची तीव्र, दीर्घ कमतरता असलेल्या मुलांचा वर्षानुवर्षे मागोवा घेतला. रक्त भरून आले तरी ती मुले किशोरवयातही चाचण्यांत मागेच राहिली. बाळ चिडचिडे होणे, खाणे टाळणे, लवकर दमणे, माती खाणे ही खुणेची लक्षणे आहेत, पण ती दिसेपर्यंत बराच काळ गेलेला असतो.

घरी तळहात पाहता येतो. बाळाचा हात बाजूने हलकेच धरावा. बोटे मागे ताणू नयेत, ताणली की तळवा उगाच फिका दिसतो. मग आपल्या आणि घरातल्या इतरांच्या तळव्याशी तुलना करावी. फक्त आईशी करू नये, कारण तीही रक्तक्षयी असू शकते. तळवा फिका वाटला तर त्याच दिवशी दाखवावे, पांढराफटक असेल तर थेट रुग्णालय गाठावे. सौम्य कमतरता मात्र तळव्यावर दिसत नाही, तिथे रक्ताची तपासणीच लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या निकषांनुसार सहा ते तेवीस महिन्यांच्या बाळाचे हिमोग्लोबिन १०.५ ग्रॅमच्या खाली गेले तर तो रक्तक्षय. साठा कळतो फेरिटिनवरून, ते १२ च्या खाली असेल तर लोह संपत आले आहे. बाळाला ताप किंवा सर्दी असेल तर फेरिटिन खोटेच वाढलेले दिसते.

कमतरता ठरली की डॉक्टर सहसा दर किलोला रोज तीन मिलिग्रॅम, म्हणजे आठ किलोच्या बाळाला २४ मिलिग्रॅम लोह सुरू करतात. महिन्याभरात हिमोग्लोबिन एक ग्रॅमने वाढले नाही, तर मात्रा चुकते आहे का ते पाहून थॅलेसेमिया मायनरची तपासणी करून घ्यावी. त्यातही रक्तपेशी लहान आणि फिक्या असतात, पण त्या लोहाने सुधारत नाहीत. वेगवेगळ्या कंपन्यांच्या थेंबांत लोहाचे प्रमाण वेगळे असते, त्यामुळे बाटली बदलली की मात्रा डॉक्टरांना पुन्हा विचारून घ्या. आणि बाटली कुलूपबंद ठेवा. मोठ्या भावंडाने गोड लागले म्हणून ती एकदम पिऊन टाकली, तर तेच लोह जिवावर बेतू शकते.